मेहुण्याच्या नावावर घेतलेली जमीन

‘पैसे माझ्या खात्यातून गेलेत, पुरावा पक्का आहे. सातबारा मेहुण्याचा असला तरी कोर्टातून जमीन माझ्या नावावर होते.’

होत नाही. १९८८ च्या बेनामी कायद्याचे कलम ४ असा दावाच चालू देत नाही.

आपल्याकडे हे बहुधा शेतजमिनीत घडते. शहरातला नोकरदार शेतकरी नाही, म्हणून परवानगीशिवाय शेती घेता येत नाही. मग गावच्या मेहुण्याच्या नावाने चाळीस लाखांचे खरेदीखत होते. मेहुणा फिरला की नोकरदार बँकेचा उतारा घेऊन वकिलाकडे धावतो. पण तो उतारा म्हणजे पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे, याची त्याने स्वतःच दिलेली कबुली! मेहुणा प्रामाणिक निघून जमीन परत लिहून देऊ लागला, तरी कलम ६ प्रमाणे ते हस्तांतर रद्दबातल.

कागदावरचा मालक खोटा असला की सावकार, करखाते, कमाल जमीन धारणा कायदा, सगळ्यांनाच चकवता येते. अशा व्यवहारावरच्या कायद्याच्या संशयाचे मूळ तिथे आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी जमीन भरपाई न देता केंद्र सरकारकडे जमा होते. कायदा चुकवण्याचा हेतू सिद्ध झाला, तर दोघांनाही एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड.

पती, पत्नी किंवा मुलांच्या नावे, ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता यात येत नाही. भावाबहिणीबाबत दस्तात दोघांचीही नावे हवीत. मेहुणा या यादीत नाहीच.