खुलासा: परदेशी एमबीबीएस आणि समकक्षतेचा दाखला

'परदेशात डॉक्टरकी केलेल्यांना भारतीय विद्यापीठ संघाचा समकक्षता दाखला नसेल तर एफएमजीईला, म्हणजे भारतात प्रॅक्टिससाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेला, बसू देत नाहीत.' रत्नागिरी-चिपळूणच्या पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज.

चूक. वैद्यकीय पदवीला हा संघ समकक्षता देतच नाही. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. समजा, दापोलीची मुलगी किर्गिझस्तानातून शिकून आली. एफएमजीईसाठी तिला लागेल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पात्रता प्रमाणपत्र आणि तिथल्या भारतीय दूतावासाने साक्षांकित केलेली किंवा अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचा परदेशात चालणारा शिक्का, असलेली पदवी. नीट पास हवीच. मेसेजमधला गोंधळ बहुधा बारावीवरून झालाय: आखातात परदेशी बोर्डातून बारावी केली असेल, तर त्या बारावीला संघाचा दाखला लागतो. दापोलीत राज्य बोर्डातून बारावी झालेल्या मुलीला तोही नको.