अंगठ्याखालचा बायोडाटा

काल रात्री पावणेअकराला शेजारच्या मामांकडून व्हॉट्सअॅपवर फोटो आला. भाच्याचा इंग्रजी बायोडाटा. चहाच्या कपाशेजारी ठेवून तिरका काढलेला, वर ट्यूबलाइटची चकाकी, खालच्या कोपऱ्यात मामांचा अंगठा. सोबत एक अक्षर नाही. डीटीपीवाल्याकडं कागद टाकला की पुढचं आपोआप होतं, असा कोल्हापुरात समज आहे.

फोन केला.

"मामा, काय करायचं याचं?"

"बघ की जरा."

"बघितला."

"मग? कसा वाटला?"

"तसं नव्हं. चुका काढू, मांडणी बदलू, का मराठीत करू?"

"तुला बरं वाटंल ते कर. आपलंच पोरगं हाय."

"कुठल्या नोकरीसाठी?"

"चांगल्या."

यावर काय बोलणार? मग कागदालाच विचारायचं. पेनानं गोल केलेले असते, तर चुका बघायच्या. सोबत जाहिरात असती, तर त्या नोकरीजोगा करायचा. जाहिरात मराठी असती, तर भाषांतर. इथं नुसता कप.

पहिली नजर गेली 'मॅरिटल'च्या जागी छापलेल्या 'मार्शल स्टेटस: सिंगल'वर. हात शिवशिवतात, पण तिथं थांबायचं. पोरगं आयटीआय मशिनिस्ट, शिरोलीच्या कारखान्यात व्हीएमसी या धातू कापायच्या मशिनवर. पुन्हा तसल्याच कामाला जाणार असेल, तर लग्न, छंद, वडिलांचा व्यवसाय या ओळीच उडणार; उडणाऱ्या ओळीचं स्पेलिंग कशाला दुरुस्त करा? म्हणून आधी नोकरी ठरवायची, मग मजकूर, लागलं तर भाषांतर, मग मांडणी आणि चुका सगळ्यात शेवटी.

मजकुराचंच बघा. 'व्हीएमसी ऑपरेटर' एवढ्यावर सुपरवायझरला काही कळत नाही. कंट्रोलर फॅनुक का सीमेन्स, सेटिंग स्वतः करतो का नुसते जॉब लावतो-काढतो, भोकाचं माप घ्यायचं बोअर गेज वापरता येतं का, हे त्याला हवं असतं. सेटरचा पगार वेगळा असतो. आणि या पोरानं चार ओळी खर्चल्यात 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'वर, ज्या प्रत्येक नेट कॅफेत आयत्या मिळतात.

दोन गोष्टी मात्र नोकरी कुठलीही असली तरी अडणार. आयटीआय पास 2020, नोकरी 2019 पासून. मधे अप्रेंटिसशिप असेल, नाहीतर टायपिंगची चूक. ते पोरगंच सांगणार, मी अंदाजानं बदललं तर मुलाखतीत तेच तोंडघशी पडणार. आणि मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे मामांच्या अंगठ्याखाली.

शिवाय फोटोत दुरुस्ती होत नाही. मूळ वर्ड फाइल नसेल तर सगळं नव्यानं टाइप करायचं, आणि चकाकीत 3 आणि 8 सारखेच दिसतात. फुकटचं काम सांगताना माणसानं निदान एक क्रियापद तरी खर्चावं!

रात्री सव्वाअकराला लिहून टाकलं: मामा, जाहिरातीचा फोटो, वर्ड फाइल, 2019 का 2020 ते, आणि नंबरचे शेवटचे दोन आकडे पाठवा.

सकाळी उत्तर आलं. नुसता अंगठा.