हाडावर बसतो, तो कसला मळ?

आज दुपारी भाचीला घेऊन वडगावात ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते आणि तिथून जी तापून परतले, ती अजून निवलेली नाही. टेलरबाईंनी माप घेताना टेप तिच्या मानेमागून फिरवली, पाठीच्या कण्यावर बोट टेकवले आणि बाकावर आणखी तीन बायका बसलेल्या असताना मोठ्याने म्हणाल्या, "मागचा गळा एवढा खोल नको गं, पाठीवर मळ दिसतोय की. अंघोळीला काथ्या लावून चांगली घास, मग बघू." पोरीचे लग्न पुढच्या महिन्यात आहे. तिने काही न बोलता ओढणी खांद्यावर ओढून घेतली आणि परत येताना रिक्षात माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

तो मळ नव्हे. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण बाविसाव्या वर्षी हेच डाग माझ्या हासळीच्या हाडांवर आणि पाठीवर होते आणि मीही ते मळ समजून दोन वर्षे घासत होते. घरी परतल्यावर भाचीला खिडकीपाशी उभी करून नीट पाहिले. नदीकाठच्या वाळूवर वाऱ्याने उमटाव्यात तशा एकामागून एक बारीक करड्या-तपकिरी लहरी हासळीच्या हाडावरून आडव्या गेल्या आहेत. पाठीच्या कण्याचे मणके जिथे वर येतात तिथे त्या अधिक गडद आहेत. मात्र हासळीच्या वरचा खळगा अगदी स्वच्छ आहे. मळ बसायचाच असता, तर तो खळग्यात बसला असता. इथे तर खळगा कोरा आणि हाड काळे! एवढी एक गोष्ट डोळे उघडून पाहिली, तरी अर्धा निकाल तिथेच लागतो.

माझी गोष्ट सांगते. गणपत गल्लीतून आणलेली नायलॉनची लांब जाळी होती. तिची दोन टोके दोन हातांत धरायची आणि लाकूड कापायच्या करवतीसारखी ती पाठीवरून मागेपुढे ओढायची, मग पुढे घेऊन हासळीवरून. बंबाचे कढत पाणी, भरपूर साबण आणि कातडी लालबुंद होईपर्यंत घासणे याला आमच्या घरी 'अंघोळ' म्हणत. डाग गडद दिसू लागले तसा मी जोर वाढवला, आणि जोर वाढवला तसे ते आणखी गडद झाले. शेवटी एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी औषधाचे नावही न काढता माझ्या हातात कोरडा टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "अंघोळ करताना कसे घासता, ते जरा करून दाखवा." मी दाखवले. टॉवेल ज्या ज्या हाडावरून गेला, नेमक्या त्या त्या हाडावर डाग होता. मग त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्या जागेवरून हलक्या हाताने फिरवून मला दाखवला. तो पांढराच राहिला होता. काही जणांच्या अंगावर साबणाने न निघणारा मळाचा थर खरोखरच बसतो, पण तो या बोळ्यावर तपकिरी होऊन उतरतो. माझ्या अंगावरचे काहीच उतरले नाही, कारण उतरण्यासारखे वर काही नव्हतेच.

या डागांना फ्रिक्शन मेलॅनोसिस म्हणतात, म्हणजे घर्षणाने आलेला काळेपणा. जपानमध्ये १९८० च्या दशकात नायलॉनच्या टॉवेलांनी आणि ब्रशांनी अंग घासणाऱ्यांमध्ये हे डाग इतके दिसू लागले, की डॉक्टरांनी त्या टॉवेलांवरच बोट ठेवले. आपला रंग कातडीच्या वरच्या थरात असतो. खाली कठीण हाड आणि वरून खरखरीत जाळी, या दोहोंमध्ये कातडी रोज भरडली जाते, तेव्हा त्या थराच्या तळाच्या पेशींना इजा होते आणि त्यांतला रंग खालच्या थरात सांडतो. तिथल्या सफाईच्या पेशी तो गिळतात आणि पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. म्हणजे ज्या रंगाला आपण वरून घासत असतो, तो घासण्याच्या आवाक्याखाली गेलेला असतो, आणि दर घासण्याने आपण त्यात वरून आणखी ओततो. बारीक अंगाच्या मुलींमध्ये हे जास्त दिसते, कारण त्यांच्या हाडावर मांसाची गादीच नसते.

आता कोणी म्हणेल, की निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून आलेल्या बाईने अंग घासायचे नाही का? घासावे, पण तळहाताने आणि साबणाने. तंबाखूची धूळ त्यानेही निघते. घासणाऱ्या सगळ्यांनाच डाग पडत नाहीत, आणि कधीच न घासणाऱ्या काहींना पडतात, हेही मान्य. मानेच्या वळ्यांत मखमलीसारखा जाड काळेपणा असेल, तर ते दुखणे वेगळे, त्यासाठी साखर तपासावी लागते. पण टेलरबाईंनी यातले काही तपासले होते का? त्यांनी एक शब्द उच्चारला आणि पोरीला चारचौघींत अस्वच्छ ठरवून मोकळ्या झाल्या.

त्याहून जास्त राग मला मेडिकलच्या दुकानातून मिळणाऱ्या गोरे करणाऱ्या मलमांचा येतो. जाळी सोडण्याआधी मी तेही करून पाहिले होते. त्यात स्टेरॉइड होते, हे मला नंतर कळले. डाग होते तिथेच राहिले आणि हासळीवरची कातडी पातळ होऊन उन्हात चुरचुरू लागली.

हे लिहिताना आईची आठवण येते आहे आणि राग थोडा उतरतो आहे. जाळी माझ्या हातात देणारी तीच होती. न्हाणीच्या दाराशी येऊन ती विचारायची, "पाठ चोळून देऊ काय गं? तुझा हात पोचत नाही बघ." शेजारच्या कानडी काकूंनी एकदा माझ्या मानेकडे पाहून "कोळे" म्हटले होते. कानडीत कोळे म्हणजे मळ. तो शब्द आईला लागला होता, आणि त्यानंतर ती माझी पाठ अधिकच जोर लावून चोळू लागली. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे मी घरी येऊन सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग माझ्या पाठीवरून नुसता हात फिरवला. तिला दोष देणे मला कधी जमले नाही.

जाळी सोडल्यावर पहिले चार-पाच महिने काहीच फरक दिसला नाही, आणि माणूस नेमका तिथेच धीर सोडून पुन्हा जाळी उचलतो. मी एकदा उचलली होती, हे कबूल करते. हासळीवरच्या लहरी पुसट व्हायला दीड वर्ष लागले. कण्यावरच्या दोन मणक्यांवर आजही हलकी छटा आहे. डॉक्टरीणबाईंनी फक्त एक साधे मॉइश्चरायझर दिले होते आणि अंग टिपून कोरडे करायला सांगितले होते.

भाचीला मी खोटी आशा दाखवली नाही. लग्नापर्यंत हे जाणार नाही, असे स्पष्ट सांगितले. ती थोडी रडली. मग न्हाणीत गेली, खिळ्याला टांगलेली हिरवी जाळी काढून आणली आणि म्हणाली, "मावशी, हिने आता कढईच घासते." आत्ता तासाभरापूर्वी तिने स्वतः टेलरबाईंना फोन केला. मागचा गळा सात इंच सांगितला होता, तो सातच ठेवा म्हणाली.