हसणाऱ्या सिस्टरचा व्हिडिओ काढण्याआधी

"डॉक्टर, नर्स आणि पोलीस मेलेल्या माणसाच्या शेजारी उभे राहून हसतात. १) यांच्यातली माणुसकी मेलेली असते. २) ज्यांना तिथे हसू येतं, त्यांचं कामात लक्षच नसतं. ३) ताण घालवायला हसतो म्हणे, ही निव्वळ पळवाट आहे. ४) असं कोणी दिसलं की लगेच व्हिडिओ काढा आणि व्हायरल करा. जागरूक नागरिक असाल तर पुढे पाठवा."

हे मला माझ्या सासूबाईंनी पाठवलं, खाली स्वतःचा प्रश्न जोडून: "तूही हसतेस का गं?" हो, हसते. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रेसिडेन्सी काढलेली माझ्या ओळखीची जवळजवळ सगळीच माणसं हसतात. आता ज्या महाशयांनी हे लिहिलंय, त्यांच्याकडे एकेका मुद्द्याने वळते.

पहिला मुद्दा. केटी वॉटसन या अमेरिकेतल्या वकील आणि वैद्यकीय नीतिशास्त्राच्या प्राध्यापक. २०११ मध्ये त्यांनी याच विषयावर एक लेख लिहिला आणि त्याची सुरुवात एका डॉक्टरने सांगितलेल्या प्रसंगाने केली. पहाटेचे तीन. इमर्जन्सीतले तीन रेसिडेंट मागवलेला पिझ्झा अजून कसा आला नाही म्हणून कुरकुरत बसलेले. तेवढ्यात गोळी लागलेला पेशंट आला, नाडी नाही, बीपी नाही. बघतात तर पिझ्झा आणणारा ओळखीचा मुलगा. त्यांचंच जेवण आणताना त्याला लुटारूंनी गाठलं होतं. छाती उघडली, पण गोळीने हृदयच फाटलेलं. चाळीस मिनिटं झटून चार वाजता त्यांनी मृत्यू घोषित केला. मग तिघं रिकाम्या वेटिंग रूममध्ये गप्प बसून राहिले. थोड्या वेळाने एकाने विचारलं, आपल्या पिझ्झाचं काय झालं? दुसरा बाहेर जाऊन आला. दारापासून चार पावलांवर खोका सरळच पडला होता. तो टेबलावर ठेवला, तिघंही त्याच्याकडे बघत राहिले, आणि एक जण म्हणाला, "याला टीप किती द्यायची रे?" तिघं हसले आणि पिझ्झा खाल्ला.

वाचून अंगावर काटा आला ना? येऊ दे. पण त्या वाक्यात खिल्ली कोणाची आहे ते बघा. मुलाच्या गरिबीची नाही, शरीराची नाही, जातिवंशाची नाही. पिझ्झा मागवला यांनी, तो आणताना मुलगा गेला, आणि वाचवायलाही हेच असमर्थ ठरले. त्या रात्रीने त्यांना ज्या विचित्र जागी आणून उभं केलं, तिची ती खिल्ली होती. वॉटसन म्हणतात, इथे हसण्याचा रोख पेशंटवर नाही, मृत्यूवर आहे. शिवाय हा प्रसंग त्या डॉक्टरने त्यांना सांगितला तो जवळपास पंधरा वर्षांनी, आणि सांगून विचारलं, ते चुकलं का आमचं? माणुसकी मेलेला माणूस पंधरा वर्षांनी असं विचारत नाही.

पोलिसांचंही तेच. शवविच्छेदन गृहाबाहेर एक हवालदार एडीचा, म्हणजे अकस्मात मृत्यूचा कागद करत होते. रुळांवरची बॉडी. खिशातल्या वस्तू एकेक लिहून घेताना रेल्वेचा पास निघाला. तारीख बघून ते शेजारच्या शिपायाला म्हणाले, "तीन आठवडे बाकी होते बघ. पैसे वाया गेले बिचाऱ्याचे." दोघं हसले. मग त्याच हवालदारांनी त्याच्या घरी फोन लावला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "घरात कोणी मोठं माणूस आहे का? त्यांच्याकडे द्या जरा." तो फोन रोज कोणाला ना कोणाला लावावा लागतो. आधीचं हसू नसतं, तर त्यांचा आवाज इतका स्थिर राहिला असता असं मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा लिहिणाऱ्याने सीपीआर कधी पाहिलेला नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, आणि माणूस दमतो म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदलायचा. त्यात विनोद करायला श्वास कोणाकडे असतो? हसणं येतं ते सगळं संपल्यावर, पुढचा स्ट्रेचर आत येण्याआधी. मधला वेळ कधी पाच मिनिटांचा, कधी तेवढाही नाही. तेवढ्यात रडून मोकळं होता येत नाही, कारण पुढच्या पेशंटला लाल डोळ्यांचा डॉक्टर नको असतो.

तिसऱ्यात मात्र तथ्य आहे, आवडलं नाही तरी कबूल करते. जून २०२० मध्ये लंडनच्या एका पार्कात दोन बहिणींचा खून झाला. जागेवर पहारा द्यायला नेमलेल्या दोन पोलिसांनी मृतदेहांचे फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. एकाने तर फोटोवर स्वतःचा चेहरा चिकटवला. डिसेंबर २०२१ मध्ये दोघांना प्रत्येकी दोन वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा झाली. याला कोणी "ताण हलका करत होते" म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. आमच्यातही बेशुद्ध पेशंटच्या वजनावर बोलणारे आहेत, दारू प्यायलेल्याला "परत आला का हिरो" म्हणणारे आहेत. फरक ओळखायला फार हुशारी लागत नाही. हसू परिस्थितीवर आहे की पडलेल्या माणसावर? आणि ते त्या खोलीतच राहिलं की मोबाईलमधून बाहेर गेलं? शिवाय असल्या हसण्याने पुढचा पेशंट निभावतो, आधीची रात्र पुसली जात नाही. सतत नुसते विनोदच करत सुटलेल्या ज्युनिअरकडे आम्ही म्हणूनच जास्त लक्ष ठेवतो.

आणि आता चौथा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. त्या अमेरिकन पोरांना रिकामी वेटिंग रूम मिळाली. आमच्याकडे काय मिळतं? एक हिरवा पडदा. पलीकडे पेशंटची बायको, दोन भाऊ, गावाहून आलेले चौघं, आणि त्यांच्या मधून वाट काढत ट्रॉली ढकलणारे मामा. ड्युटी रूमच्या दारालाच नातेवाईक टेकलेले असतात. जे आत बोलायचं ते बाहेर ऐकू जातं. ऐकणाऱ्यासाठी तो दिवसातला चौथा मृत्यू नसतो, त्याचे वडील असतात. त्याला ते हसू सुरीसारखं लागणार, आणि त्याचा राग शंभर टक्के खरा आहे. आवाज खाली ठेवणं, दार लोटून घेणं हे आमचं काम आहे, आणि ते आम्ही नेहमी करत नाही.

पण व्हिडिओत काय येणार? हसणारी सिस्टर दहा सेकंद. त्याआधीचा अर्धा तास नाही. मागच्या खाटेवर अर्धवट कपड्यांत पडलेली दुसऱ्याची आई मात्र येणार, तिला कोणी विचारलेलं नसताना. आणि हा व्हिडिओ वॉर्डाबाहेरच्या जमावाच्या फोनवर पोचला की काय होतं, ते महाराष्ट्राला सांगायला नको. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांसाठी २०१० मध्ये इथे वेगळा, अजामीनपात्र गुन्ह्याचा कायदा करावा लागला.

खरंच कोणी तुमच्या माणसाची टिंगल केली असेल तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला तिथल्या तिथे सांगा. मग तारीख, पाळी आणि शब्द जसेच्या तसे लिहून वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. पाळी लिहिली की त्या वेळी ड्युटीवर कोण होतं ते निघतं, आणि जाब त्यालाच द्यावा लागतो. व्हायरल क्लिपमध्ये सापडते ती बहुधा शेजारी उभी राहून सलाईन बदलणारी.