पोकळ फळ्यांचा हिशेब क्षेत्रफळाने का चुकतो

«छोट्या खोलीच्या स्लॅबला पोकळ फळ्या किती लागतील, हे काढायला कोणी नको. छताचं क्षेत्रफळ काढा, एका फळीच्या क्षेत्रफळाने भागा, वर पाच टक्के धरा, झालं. भिंतीवर बेअरिंग दोन इंच पुरे. आणि फळ्या एकमेकींना खेटूनच लावा, फट राहिली की छत गळतं.»

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या गटांत फिरणारा हा संदेश सोपा आहे, पण त्यातील प्रत्येक वाक्य वेगळ्या कारणाने चुकते. ते दाखवण्यासाठी ऐरोलीतील एखाद्या सोसायटीच्या आवारात सामान ठेवण्याची एक खोली बांधायची आहे, असे समजू. आतील माप 3.0 बाय 4.5 मीटर, चारही बाजूंना 230 मिमी जाडीची विटांची भिंत, आणि कारखान्यात ओतलेली पोकळ काँक्रीटची फळी 150 मिमी जाडीची. कारखान्याच्या तक्त्यात फळीची रुंदी 600 मिमी लिहिलेली आहे. प्रत्यक्ष तळाची रुंदी 595 मिमी भरते, कारण 600 या आकड्यात 5 मिमीचा सांधा आधीच धरलेला असतो.

पहिला दोष क्षेत्रफळाचा. कोणते क्षेत्रफळ घ्यायचे, आतले की बाहेरचे, हे सूत्र सांगत नाही. दोन इंच बेअरिंग, म्हणजे फळीचे प्रत्येक टोक भिंतीवर दोन इंच टेकेल असे धरून फळी 3.1 मीटर लांब घेतली, तर आतल्या 13.5 चौरस मीटरला 8 फळ्या येतात आणि भिंतींसकट 17.16 चौरस मीटर धरले की त्याच सूत्रातून 10 निघतात. ज्या रीतीने एकाच खोलीची दोन उत्तरे येतात, तिच्या भरवशावर माल मागवता येत नाही. फळी ही फरशी नव्हे. तिची लांबी गाळ्याने, म्हणजे ती ज्या दोन भिंतींवर टेकते त्यांच्यामधील अंतराने ठरते आणि संख्या गाळ्याला आडव्या असलेल्या मापाने ठरते, म्हणून या दोन्हींचा हिशेब स्वतंत्रपणेच करावा लागतो.

संख्येचा हिशेब असा. फळ्या 3 मीटरच्या गाळ्यावर टाकल्या, तर 4500 मिमी रुंदी झाकायची आहे. सात फळ्यांचे 4165 मिमी आणि मधल्या सहा सांध्यांचे 30 मिमी मिळून 4195 मिमी होतात, आणि 305 मिमी उरतात. इथे बहुतेक जण आठवी फळी मागवतात. आठ फळ्या आणि सात सांधे मिळून 4795 मिमी होतात, म्हणजे दोन्ही कडेच्या फळ्या बाजूच्या भिंतींवर सुमारे 147 मिमी चढून बसतात. वरवर ही व्यवस्था भक्कम वाटते, पण अशी फळी फक्त दोन टोकांवर टेकण्यासाठी बनवलेली असते आणि तिच्यातील पोलाद लांबीच्या दिशेने असते. तिची एक लांब कड भिंतीने धरून ठेवली आणि बाकीची फळी भाराखाली वाकू पाहू लागली, की ती आडव्या दिशेने ताणली जाते. तिथे पोलाद नसल्याने पोकळीच्या वर किंवा खाली लांबीच्या दिशेने तडा जाण्याचा धोका असतो. तीन मीटरच्या गाळ्यात वाकणे थोडे असल्याने हे लगेच दिसणार नाही, हे मान्य आहे. तरीही मी या खोलीला सातच फळ्या मागवेन आणि उरलेली पट्टी जागेवर सळ्या बांधून ओतेन.

ही पट्टी म्हणजे नाइलाजाने भरलेली जागा आहे, असे मात्र समजू नये. पावसाच्या पाण्याचा 110 मिमीचा पाइप, विजेची नळी, पुढेमागे टाकीची लाइन, हे सारे तिथूनच वर नेता येते आणि फळीला भोक पाडण्याची वेळ येत नाही. शिवाय खोली क्वचितच पूर्ण गुण्यात असते. एका टोकाला 4500 आणि दुसऱ्या टोकाला 4480 मिमी भरले, किंवा सांधे 5 ऐवजी 8 मिमीचे झाले, तरी तो फरक ही पट्टी पोटात घेते.

फळ्या फिरवून 4.5 मीटरच्या गाळ्यावर टाकल्या, तर 3 मीटर रुंदीत पाचच पुरतात. पण त्या लांब आणि जड होतात, त्यांना पोलाद जास्त लागते आणि सगळा भार आखूड भिंतींवर जातो. तिथे मोठी खिडकी असेल, तर लिंटेलचा हिशेबही बदलतो.

बेअरिंगच्या बाबतीत कागदावरचे माप आणि जागेवरचे माप यांतील फरक सर्वात महाग पडतो. समजा हाच 3 मीटरचा गाळा दुसऱ्या टोकाला 3030 मिमी भरला. 3100 मिमीची फळी तिथे अगदी मधोमध बसली, तरी प्रत्येक बाजूला 35 मिमीच टेकते, आणि बसवताना ती 15 मिमी सरकली तर एका बाजूला 20 मिमी उरतात. विटांची आतली कड आधीच कमकुवत असते. एवढ्या टेकूवर ती कुरतडली जाते आणि प्लास्टरचा पापुद्रा सुटू लागला की ते लक्षात येते. म्हणून गाळा किमान तीन ठिकाणी मोजावा, सर्वात मोठे माप घ्यावे आणि दोन्ही बाजूंना 100 मिमी मिळवावे. इथे लांबी 3230 मिमी येते. अरुंद टोकाला हीच फळी प्रत्येक बाजूला 115 मिमी, म्हणजे बरोबर अर्ध्या भिंतीवर बसते. उरलेल्या अर्ध्या भागात सळ्यांचा पट्टा ओतून फळ्यांची टोके एकत्र बांधता येतात, आणि आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीनुसार आपला परिसर भूकंपाच्या झोन 3 मध्ये असल्याने तो पट्टा टाळू नये. फळीखाली मसाल्याचा समतल थर हवा आणि पोकळ्यांची तोंडे आधी बंद केलेली हवीत.

फटीविषयीची भीती तर नेमकी उलटी आहे. गळते ते न भरलेल्या सांध्यातून. फळीच्या बाजूंना खाच असते आणि सांधा वर रुंद होत जातो, तो बारीक खडीचे काँक्रीट आत उतरावे म्हणून. ते भरले की शेजारच्या फळ्या एकमेकींचा भार वाटून घेतात; फळ्या दाबून खेटवल्या तर खालची कड कुठे टेकते, कुठे नाही, आणि कचरा अडकलेल्या जागी मसाला उतरतच नाही. मग एका फळीवर पाय पडला की ती एकटीच दबते आणि वरच्या थराला सांध्याच्या रेषेत चीर जाते. पहिल्या पावसाळ्यात छताच्या खालच्या बाजूला साधारण 600 मिमी अंतराने सरळ, समांतर ओल्या रेषा दिसल्या, तर दोष सांध्यांचा आहे असे खुशाल समजावे. वॉटरप्रूफिंगवाल्याला नंतर बोलवावे. सांधे झाडून, ओले करून भरावेत आणि त्यावर जाळीसह काँक्रीटचा थर टाकावा.

राहिले पाच टक्के. सात फळ्यांचे पाच टक्के म्हणजे फळीचा तिसरा हिस्सा, आणि तो कोणी विकत नाही. जादा घ्यायची तर एक अख्खी फळी घ्यावी लागते. 3230 मिमीची एक फळी, पोकळ्या वजा जाता, साधारण अर्धा टन भरते. ती उचलायला हायड्रा क्रेन लागतो आणि न वापरलेली फळी आवारात कुठे ठेवायची, हा प्रश्न उरतोच. कारखाना महापे किंवा रबाळ्यात असेल, तर ऐरोलीला दुसरी फेरी सहज होते आणि जादा फळीची गरज नाही. काम घोडबंदर रस्त्याच्या बाजूला असेल, जिथे अवजड वाहनांना वेळेचे निर्बंध असतात, तर दुसऱ्या फेरीचे भाडे आणि हायड्राचा वाया जाणारा दिवस मोजावा, आणि तो खर्च फळीच्या किमतीपेक्षा जास्त भरला तरच आठवी फळी मागवावी.