बायबॅकची हमी आणि कायद्याची पंचवीस टक्क्यांची मर्यादा: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «धंद्याच्या प्लॅनमधल्या ‘गुंतवणूकदाराचा बाहेर पडण्याचा मार्ग’ या भागातून आयपीओ काढा म्हणता, बायबॅकपुढे टक्का लिहू नका म्हणता. मग माणूस पैसे घालणार कशावर? मी बेळगावातल्या एका युनिटमध्ये दीड कोटी घातलेत. सहा वर्षांनी वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या हिशेबानं बायबॅकची लेखी हमी आहे, म्हणून निर्धास्त आहे. तुम्ही आपल्या पोरांचं धैर्य खचवताय. – निपाणीचा एक वाचक»

नमस्कार. तुम्ही स्वतःचे पैसे घालून बोलताय, म्हणून उत्तरही आकड्यांनीच देतो. बायबॅक म्हणजे कंपनीनं स्वतःचे शेअर भागधारकाकडून परत विकत घेणं. तुमच्या युनिटचे हिशेब माझ्याकडे नाहीत. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपाचे भाग मशीनिंग करून देणारं एखादं मध्यम युनिट कसं असतं ते मला माहीत आहे, तेवढ्यावरून मी उदाहरण मांडतो. तुमचे खरे आकडे त्यात घालून पाहा.

समजा, तुमच्या आधी कंपनीचं भागभांडवल ४० लाख आणि साठवलेला नफा १ कोटी ६० लाख होता. दहा रुपयांचा शेअर दीडशेला घेऊन तुम्हाला एक लाख शेअर मिळाले, म्हणजे २० टक्के हिस्सा. पुढच्या सहा वर्षांत धंदा चांगला चालला आणि करानंतरचा नफा ५० लाखांवरून १ कोटी ८० लाखांवर गेला. सहा वर्षांचा मिळून ६ कोटी ६० लाख झाला आणि लाभांश वाटलाच नाही. म्हणजे भांडवल आणि राखीव निधी, तुम्ही दर शेअरमागे वर दिलेल्या १४० रुपयांच्या प्रीमियमसकट, १० कोटी १० लाख होतात.

आता हमी पाहा. दीड कोटी वर्षाला २५ टक्क्यांनी वाढले तर सहा वर्षांत ५ कोटी ७२ लाख होतात. पण कंपनी कायदा २०१३ चं कलम ६८ सांगतं की एका बायबॅकमध्ये भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांच्या वर रक्कम देता येत नाही. तीही भागधारकांचा विशेष ठराव करून. नुसत्या संचालक मंडळाच्या ठरावावर दहा टक्केच. आपल्या उदाहरणात ही मर्यादा सुमारे अडीच कोटी आहे. म्हणजे हमीतला निम्म्याहून जास्त भाग त्या वर्षी कायद्यानंच देता येत नाही. पुढचं बायबॅक आधीचं पूर्ण झाल्यावर वर्षभरानंतरच काढता येतं, आणि उरलेल्या शेअरवर तुमचा २५ टक्क्यांचा दर चालूच राहतो. मी हिशेब केला तेव्हा सगळं फिटायला तीन बायबॅक आणि आठवं वर्ष लागलं.

आणि हे अडीच कोटी तरी असतील कुठे? ताळेबंदातले दहा कोटी खात्यात पडलेले नसतात. ते सीएनसी मशिनांत असतात, शेडमधल्या मालात असतात आणि नव्वद-नव्वद दिवस पैसे न देणाऱ्या ग्राहकांकडे असतात. अशा युनिटकडे मोकळी रोकड साठ-सत्तर लाख असली तरी पुष्कळ. ‘बँकेकडून उचलू’ असं मालक सहज म्हणतो, पण बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा उसना पैसा बायबॅकला वापरायला नियमांत मनाई आहे. शिवाय बायबॅकनंतर कंपनीचं कर्ज भांडवल आणि राखीव निधीच्या दुपटीपेक्षा जास्त राहता कामा नये.

आणखी एक गोष्ट प्लॅन लिहिणारे हमखास विसरतात. बायबॅकचा प्रस्ताव सगळ्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात द्यावा लागतो, एकट्या तुम्हाला नाही. कंपनी उभी करणारे प्रवर्तक आपले शेअर पुढे करणार नाहीत, असं आधीच लिहून घेतलेलं नसेल, तर त्याच अडीच कोटींत त्यांचाही वाटा लागतो.

म्हणून तुमच्या हमीखाली सही कोणाची आहे, हे पाहा. कंपनीची असेल तर वरच्या सगळ्या मर्यादा लागू. प्रवर्तकांनी व्यक्तिशः तुमचे शेअर विकत घेण्याचं कबूल केलं असेल तर तो बायबॅक नाही, साधी शेअरखरेदी आहे. कलम ६८ तिथे आडवं येत नाही, पण मग त्यांच्या घरी तेवढा पैसा आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

आता विक्री. आपल्याकडच्या युनिटसाठी मला हाच मार्ग जास्त खरा वाटतो. सहाव्या वर्षी व्याज, कर आणि घसाऱ्याच्या आधीचा नफा ३ कोटी ६० लाख आहे आणि घेणारा त्याच्या सहापट किंमत देतो, असं धरू. (सहापट हे माझं गृहीतक आहे. तुमच्या धंद्यात चारपटही असेल.) २१ कोटी ६० लाखांतून ४ कोटी कर्ज वजा केलं तर १७ कोटी ६० लाख उरतात. तुमचा वाटा ३ कोटी ५२ लाख, म्हणजे वर्षाला साधारण १५ टक्के. दीड कोटीचे साडेतीन कोटी, हा वाईट सौदा नाही. पंचवीस टक्क्यांची आशा लावून ठेवल्यामुळे तो वाईट वाटू लागतो, याचीच मला खंत आहे.

विक्री फिसकटते ती बहुधा कागदांवर. मी एका युनिटचे कागद पाहत होतो. खरेदीदार कोल्हापूरचा होता, भाव जवळपास ठरला होता. मग कळलं की शेड आणि प्लॉट मालकाच्या वडिलांच्या नावावर आहे आणि कंपनी तोंडी भाड्यावर बसली आहे. वर तीन चतुर्थांश काम एकाच ग्राहकाचं. त्या ग्राहकानं ऑर्डर थांबवली तर विकत घेतलेलं काय, हे खरेदीदारानं विचारलं आणि व्यवहार तिथेच थांबला. गुंतवणूक करतानाच जागेचा नोंदणीकृत भाडेकरार मागितला असता तर निदान पहिली अडचण आली नसती. आणि करारात ‘प्रवर्तक विकतील तेव्हा त्याच भावानं माझेही शेअर विकले जातील’ हे कलम नसेल, तर तुमचा २० टक्के अल्प हिस्सा एकट्यानं कुणी घेत नाही.

आयपीओ, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकून बाजारात येणं, मी काढून टाका म्हटलं नव्हतं, शेवटी ठेवा म्हटलं होतं. लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या एसएमई मंचावर यायला आधीच्या तीनपैकी दोन वर्षं किमान एक कोटी कार्यकारी नफा लागतो. आपलं उदाहरण त्यात बसेल. पण सेबीच्या २०२५ च्या नियमांनुसार जुने भागधारक मिळून इश्यूच्या २० टक्क्यांपर्यंतच शेअर विक्रीला काढू शकतात, आणि कुणीही आपल्या हिश्श्याच्या निम्म्याहून जास्त नाही. दहा कोटींच्या इश्यूत दोन कोटी, तेही सगळ्यांना मिळून. उरलेले तुमचे शेअर वर्षभर लॉक-इन राहतात. त्यानंतर ते विकायचे म्हणजे रोज मोजकेच लॉट हलणाऱ्या बाजारात. म्हणजे लिस्टिंग झाली तरी पैसा लगेच हातात येत नाही.

पोरांचं धैर्य खचावं असं मला वाटत नाही. मी त्यांना या भागात असं लिहायला सांगतो: पाचव्या वर्षापासून स्वतंत्र मूल्यांककानं ठरवलेल्या भावानं, कलम ६८ च्या मर्यादेत आणि मोकळ्या रोकडीच्या ठरावीक वाट्यातून, दोन किंवा तीन हप्त्यांत बायबॅक, प्रवर्तक त्यात शेअर देणार नाहीत, दरम्यान खरेदीदार मिळाला तर त्याच भावानं गुंतवणूकदाराची विक्री आधी. आणि खाली संभाव्य खरेदीदारांची तीन-चार नावं, प्रत्येकाला हे युनिट कशासाठी हवं असेल या एका वाक्यासह.

तुमच्या करारातलं हमीचं कलम नावं झाकून पाठवलंत, तर सही कंपनीची आहे की प्रवर्तकांची, आणि मुदत चुकली तर काय लिहिलं आहे, ते मी वाचून सांगतो. अजून वर्षं शिल्लक असतील तर पुरवणी करार करून दुरुस्ती होऊ शकते, आणि धंदा चांगला चालू असताना प्रवर्तक त्यावर सही करायला लवकर तयार होतात.