पिठाइतके पाणी

काल संध्याकाळपासून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर चुलतवहिनीचं कौतुक चाललंय. आजीच्या चकलीची कृती तिने ‘किती सुटसुटीत’ टाकली म्हणे! टाकली तिने, लिहून काढली मी. तिने फक्त खालचं माझं नाव कापलं आणि कापता कापता शेवटची पायरीही अर्धी उडवली. त्यामुळे सध्या ग्रुपवरच्या कृतीनुसार चकली तेलात सोडायची आणि तिथेच राहू द्यायची. मी काही बोललो नाही. बोलणारही नाही.

काम दिलं होतं आत्याने. ‘दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढेच असतोस ना, मग एवढं टाईप कर’, असं म्हणून तिने आजीच्या हातच्या कार्डाचा फोटो पाठवला. फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका उडदाच्या डाळीवर, डाव्या कोपऱ्यात आत्याचा अंगठा. त्यात व्हॉट्सअ‍ॅपने फोटो चेपलेला, त्यामुळे मोठा करावा तसं अक्षरांचं पीठ होत होतं. म्हटलं, ‘आत्या, खिडकीपाशी उजेडात काढ, फ्लॅश बंद कर, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ ती म्हणाली, ‘अंगठा काढला तर कार्ड गुंडाळतं रे.’ दुसऱ्या फोटोत अंगठा उजव्या कोपऱ्यात होता, पण उडदाची डाळ दिसली.

कार्डावर होतं: तां. ४ चि., ह. डा. २ चि., उ. १ चि., मू. १ को., धने १ नि., जिरे ॥ नि. भाच्याने मदत म्हणून आधीच हे टाईप करून ठेवलं होतं, त्यात जिरे ११ होते. जुन्या लिखाणात एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, हे त्याला कोण सांगणार? १॥ हा आकडा तो १११ वाचतो. त्याच्या हिशेबाने चकली झाली असती तर ती जिऱ्याचीच झाली असती, भाजणी नावापुरती.

आता चि., को. आणि नि. म्हणजे काय, या विचारात मी असताना शेजारचे काका शिडी मागायला आले. काका निवृत्त वजनमाप निरीक्षक. शिडीचं काम तिथेच राहिलं. चष्मा चढवून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं,

‘हे चिपटं कुठल्या तालुक्याचं?’

‘आजीचं.’

‘आजी कुठल्या तालुक्याची?’

‘माहेर विचारताय की सासर?’

‘चिपटं कुठल्या बाजारातून घेतलं ते विचारतोय. पायली गावागणिक बदलायची. पायली बदलली की शेर बदलला, शेर बदलला की चिपटं. शिक्का होता का?’

‘आजीवर?’

काका हसले नाहीत. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापं घेतली, याउपर चिपट्यात काही लिहिणं हा निष्काळजीपणा आहे, असं ते म्हणाले. आजी हयात असती तर तिला बहुधा नोटीस गेली असती. पण माणसाला कोष्टक तोंडपाठ! दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. तिथेच गाठ सुटली. चिपटं केवढं हे कळायची गरजच नव्हती. चिपट्याला एक धरलं की कोळवं अर्धं आणि निळवं पाव. म्हणजे तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, धने पाव, जिरे त्याच्या निम्मे. भाजणीचं प्रमाण जमतंय याचा अर्थ अक्षरंही बरोबर लागली. मी आनंदाने चिपट्याच्या जागी ‘कप’ टाईप केलं.

‘कप म्हणजे?’ काका.

‘वाटी.’

‘कुठली वाटी?’

मी आमटीची वाटी दाखवली. काकांनी स्वयंपाकाचा काटा मागवला. वाटी ठेवून शून्य करायला लावलं, काठोकाठ पाणी ओतायला लावलं. दीडशे ग्रॅम, म्हणजे दीडशे मिलिलिटर. पाककृतीतला कप २४० चा. ‘फरक बघा,’ ते म्हणाले, जणू मी गिऱ्हाइकांना फसवत होतो. मग घरी जाऊन दोनशे ग्रॅमचं वजन घेऊन आले. ते ठेवल्यावर आमचा काटा २०३ दाखवू लागला. काका बराच वेळ त्या तीन ग्रॅमकडे पाहत राहिले. बायकोने चहा आणून ठेवला, तोही निवला. आमच्या घरात गॅस सिलिंडर संपतो, पाणी जातं, त्याची चौकशी कुणी करत नाही. तीन ग्रॅमची मात्र झाली.

तरी पुढचं काकांमुळेच नीट झालं, हे कबूल करायला हवं. तांदूळ आणि या डाळी कपाला दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणून ८००, ४००, २००, १०० असं लिहून मी मोकळा झालो. धने पाव कप, जिरे दोन टेबलस्पून. कार्डावर खाली होतं: ‘वाटी पिठास पिठाइतके पाणी, चमचा मोहन.’ ग्रॅमच्या झोकात मी लिहिणार होतो, पीठ १२५ ग्रॅम, पाणी १२५ ग्रॅम. काकांनी पुन्हा काटा ओढला. दळलेली भाजणी फुलून बसते, कपात जेमतेम सव्वाशे ग्रॅम मावते, आणि पाणी त्याच कपात २४० ग्रॅम. आजीचं ‘पिठाइतके’ वाटीने मोजलेलं होतं. वजनाने घेतलं असतं तर पाणी निम्म्यावर आलं असतं आणि सोऱ्यातून पडतानाच चकलीचे तुकडे झाले असते. मोहनाचा पोह्यांचा चमचा दहा मिलीचा निघाला, दीडशेच्या वाटीला. २४० च्या कपाला सोळा, म्हणजे एक टेबलस्पून. मोहन याहून फार वाढलं तर चकली तेलात फसफसून विरते, हे आत्याने फोनवर सांगितलं.

तिखट-मिठाबद्दलही आत्यालाच विचारलं.

‘अंदाजे घाल.’

‘कुणाच्या अंदाजे?’

‘उकड चाखून बघ. किंचित खारट लागली पाहिजे, तळल्यावर बरोबर होते.’

हे कुठल्याही चमच्यात बसत नव्हतं, म्हणून पायरीत तसंच लिहिलं. पायऱ्या लावणं हा वेगळा छळ. आजीने सगळं एका दमात लिहिलेलं: ‘भाजणी दळून उकड काढावी, तत्पूर्वी धान्य धुऊन वाळवून वेगवेगळे भाजले असावे.’ असावे! नसलं तर? धुणं पहिल्या पायरीत आणलं, फडक्यावर सावलीत वाळवणं दुसऱ्या, मंद आचेवर प्रत्येक धान्य वेगळं भाजणं तिसऱ्या, कारण डाळ आणि तांदूळ एकाच वेळी भाजले जात नाहीत. सहावीत पाणी, मोहन, तिखट, मीठ, तीळ, ओवा उकळून पीठ घालणं आणि झाकणं. शेवटच्या पायरीत तळणं: तेलातले बुडबुडे कमी झाले की काढणे. वहिनीच्या कात्रीत नेमकं ‘काढणे’ गेलं.

‘मंद आच म्हणजे किती?’ काकांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात आत्याचा पुढचा फोटो आला. कैरीचं लोणचं. अंगठा पुन्हा डावीकडे, आणि बाजूला आजीच्या वळणदार अक्षरात: दोन आण्यांची मोहरी, एका आण्याची हळद.

‘आणे १९५७ साली गेले,’ काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले, ‘म्हणजे कार्ड त्याच सुमाराचं किंवा आधीचं. आता मोहरीचा तेव्हाचा भाव शोधला की झालं. दुकान कुठल्या तालुक्यातलं?’